कर्जफेडीची दिनदर्शिका : आधी लहान बाकी की आधी चढे व्याज?



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, इतिवृत्त, अहवाल, जाहिरात असे लेखनप्रकार पाहतो. त्यांच्या जोडीला घरोघरी लिहिला जाणारा, पण पाठ्यपुस्तकात क्वचित येणारा एक प्रकार आहे : देण्याघेण्याचे टिपण. अनेक ठिकाणची कर्जे आणि थकलेली देणी एकाच उत्पन्नातून फेडायची असतात, तेव्हा कोणाला, कधी, किती द्यायचे याचे वेळापत्रक कागदावर मांडावे लागते. या घटकात त्याला आपण 'फेडीची दिनदर्शिका' म्हणू. ती मांडताना पहिला प्रश्न क्रमाचा येतो. हाती उरलेला जादा रुपया सर्वांत लहान बाकीवर टाकावा, की ज्या देण्याचे व्याज सर्वांत चढे आहे त्यावर टाकावा? इंग्रजीत पहिल्या पद्धतीला हिमगोळ्याचे आणि दुसरीला हिमलोटाचे नाव आहे. बर्फ न पाहिलेल्या माणसाला या रूपकांतून कोणता बोध होणार, हा प्रश्न मला नेहमीच पडतो. म्हणून येथे 'लहान बाकी आधी' आणि 'चढे व्याज आधी' अशी सरळ नावे वापरली आहेत.

दर वाचण्यापूर्वी दराची भाषा

क्रम ठरवायचा तर सर्व देण्यांचे दर एका मापात आणावे लागतात, आणि पहिली फसगत येथेच होते. ती गणिताची असण्यापेक्षा भाषेची असते. पतसंस्थेच्या कागदावर 'द.सा.द.शे. १५' असे लिहिलेले असते. दर साल दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला पंधरा रुपये. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर थकबाकीसाठी 'दरमहा २ टक्के शास्ती' असे शब्द येतात. क्रेडिट कार्डाच्या मासिक विवरणात 'मासिक ३.५ टक्के' असे बारीक अक्षरांत छापलेले आढळते. गावात एखादा 'शेकडा तीनने पैसे घेतले' असे म्हणतो, तेव्हा तो 'महिन्याला' हा शब्द गाळतो, कारण ऐकणाऱ्याला तो ठाऊक आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. नुसते आकडे पाहिले तर २ आणि ३.५ हे १५ पेक्षा कितीतरी लहान दिसतात. महिन्याच्या दराला बाराने गुणले की चित्र उलटते : घरपट्टीची शास्ती वर्षाला २४ टक्के, कार्डाचे व्याज ४२ टक्के आणि पतसंस्थेचे १५ टक्के. संस्कृतात 'व्याज' या शब्दाचा अर्थ निमित्त, बहाणा, कपट असाही आहे. 'व्याजस्तुती' या अलंकाराच्या नावात तो आपल्याला भेटतो. दर सांगण्याच्या या तऱ्हा पाहिल्या की दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात याचे नवल वाटत नाही.

आणखी एक शब्दप्रयोग तपासून घ्यावा. व्याज 'घटत्या शिलकीवर' आहे की 'सरसकट मुळ रकमेवर'? चोवीस हजार रुपये दोन वर्षांसाठी सरसकट १० टक्क्यांनी घेतले, तर ४,८०० रुपये व्याज सुरुवातीलाच मिळवतात आणि १,२०० रुपयांचे चोवीस हप्ते पाडतात. मुद्दल दरमहा कमी होत गेले तरी व्याज मात्र मुळच्या चोवीस हजारांवरच चालू राहते. घटत्या शिलकीच्या मापात हा दर सुमारे १८ टक्के भरतो. शिवाय असे कर्ज मुदतीआधी फेडले तर पुढचे व्याज सुटेलच असे नाही. ते करारातील शब्दांवर अवलंबून असते. म्हणून 'दहा टक्के' एवढे ऐकून त्या देण्याला रांगेत शेवटी उभे करू नये.

एक घर, चार देणी

आता एक कल्पित पण नेहमीच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी खाजगी संस्थेत लिपिक म्हणून काम करणारी एक स्त्री आहे. पगार २७,००० रुपये. घरखर्च जाऊन देण्यांसाठी दरमहा १०,००० रुपये काढता येतात. सासूबाईंच्या आजारपणात तिच्यामागे चार देणी लागली. नगरपालिकेची घरपट्टी ५,००० रुपये थकली, तिला दरमहा २ टक्के सरळ शास्ती लागते. मावसभावाकडून १२,००० रुपये हातउसने घेतले, त्याला व्याज नाही. पतसंस्थेचे कर्ज ३०,००० रुपये उरले आहे, दर घटत्या शिलकीवर द.सा.द.शे. १५ आणि किमान हप्ता १,५०० रुपये. क्रेडिट कार्डावर ४८,००० रुपये आहेत, व्याज महिन्याला ३.५ टक्के आणि किमान भरणा २,४०० रुपये. एकूण देणे ९५,००० रुपये.

गणित हाताने करता यावे म्हणून मी काही गोष्टी सोप्या केल्या आहेत. दर महिन्याला आधी व्याज मिळवायचे, मग भरणा वजा करायचा आणि रुपयाच्या खालचे पैसे जवळच्या रुपयात धरायचे. कार्डाचा किमान भरणा बाकीबरोबर घटत जातो, पण येथे तो २,४०० असाच धरला आहे. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तोही सोडला आहे. तो धरला तर कार्ड आणखी महाग ठरेल, क्रमाचा निष्कर्ष बदलणार नाही.

दोन्ही पद्धतींत एक नियम समान आहे. पतसंस्थेचा १,५०० रुपयांचा हप्ता आणि कार्डाचा २,४०० रुपयांचा किमान भरणा कोणत्याही महिन्यात चुकवायचा नाही. हे ३,९०० रुपये बाजूला काढले की ६,१०० रुपये मोकळे उरतात. क्रमाचा सारा वाद या ६,१०० रुपयांपुरता आहे. एक देणे संपले की त्याची रक्कम पुढच्या देण्याला जोडायची, घरखर्चात परत जाऊ द्यायची नाही.

लहान बाकी आधी

जूनपासून सुरुवात करू. लहान बाकी आधी घेतली, तर पहिल्याच महिन्यात घरपट्टीचे ५,१०० रुपये भरून होतात आणि उरलेले १,००० मावसभावाकडे जातात. ऑगस्टमध्ये मावसभावाचे देणे फिटते. डिसेंबरमध्ये पतसंस्थेचा शेवटचा हप्ता जातो. सात महिन्यांत चारपैकी तीन खाती बंद. वहीतील तीन ओळींवर आडवी रेघ मारण्याचे समाधान खरे असते, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता कार्डाकडे पाहा. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत कार्डावर १४,४०० रुपये भरले गेले. त्यांतले ९,६८५ रुपये व्याजातच गेले आणि मुद्दल उतरले केवळ ४,७१५ रुपयांनी. अठ्ठेचाळीस हजारांची बाकी नोव्हेंबरअखेर ४३,२८५ रुपये आहे. सर्वांत महाग देणे सहा महिने जवळपास जागचे हलले नाही. ते पूर्ण फिटायला पुढच्या वर्षाचा मे उजाडतो, म्हणजे एकूण बारा महिने. शेवटच्या महिन्यात १,६२७ रुपये तेवढे राहतात. व्याज आणि शास्ती मिळून १६,६२७ रुपये जातात.

चढे व्याज आधी

दुसऱ्या क्रमात मोकळे ६,१०० रुपये कार्डाच्या किमान भरण्याला जोडले जातात. कार्डावर दरमहा ८,५०० रुपये पडू लागतात. बाकी झपाट्याने उतरते : जूनअखेर ४१,१८०, ऑगस्टअखेर २६,८१५, नोव्हेंबरअखेर ३,३२८. डिसेंबरमध्ये कार्ड फिटते आणि उरलेले पैसे घरपट्टीकडे वळतात. जानेवारीत घरपट्टी संपते, मार्चमध्ये पतसंस्था आणि एप्रिलमध्ये मावसभाऊ. अकरा महिन्यांत सर्व देणी संपतात. व्याज आणि शास्ती मिळून ९,९४९ रुपये जातात, म्हणजे पहिल्या क्रमापेक्षा ६,६७८ रुपये कमी. पगार तोच, दरमहा भरलेली रक्कम तीच, केवळ पैसे कोणाच्या दारी आधी गेले एवढाच फरक.

कारण एका वाक्यात सांगता येते. मावसभावाला दिलेले शंभर रुपये पुढच्या महिन्यात काहीच वाचवत नाहीत, पतसंस्थेला दिलेले सव्वा रुपया वाचवतात, नगरपालिकेला दिलेले दोन रुपये आणि कार्डाला दिलेले साडेतीन रुपये. हे वाचलेले रुपये पुढच्या महिन्यात पुन्हा मुद्दलावर पडतात. बाकी किती मोठी आहे याचा या हिशेबात कोठेच संबंध येत नाही.

मग लोक लहान बाकी आधी का घेतात? अमेरिकेत डेव्ह रॅम्झी या सल्लागाराने हा क्रम लोकप्रिय केला. त्याचे म्हणणे असे की कर्जफेड ही वागणुकीची गोष्ट आहे, गणिताची नंतर. या म्हणण्याला काही आधार आहे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन यांनी कर्जमुक्तीच्या एका कार्यक्रमातील लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये दाखवले की ज्यांची खाती एकामागून एक बंद होत गेली, ते कर्जमुक्तीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक होती. आपल्या उदाहरणातही याची खूण सापडते. चढे व्याज आधी घेतले तर पहिले खाते बंद व्हायला डिसेंबर लागतो. तोपर्यंत चारही देणी वहीत उभीच असतात. घरपट्टी तर ५,००० वरून ५,६०० वर चढलेली दिसते. त्यातून या क्रमाचा फायदाही उशिराच डोळ्यांत भरतो. पहिल्या तीन महिन्यांनंतर दोन क्रमांतील व्याजाचा फरक अवघा ४४९ रुपये आहे. सहा महिन्यांनंतर तो २,५८१ होतो आणि शेवटी ६,६७८. ज्याने ऑगस्टमध्ये वही मिटली, त्याला ही पद्धत व्यर्थ वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

माझे मत असे की यावर उपाय वहीतच आहे. बंद झालेल्या खात्यांची संख्या मोजण्याऐवजी महिनाअखेरची एकूण बाकी एका स्वतंत्र रकान्यात लिहावी. दुसऱ्या क्रमात ती नोव्हेंबरअखेर ४३,९६४ रुपये होते, पहिल्या क्रमात ४६,५४५. खाती चारही उघडी असताना एकूण देणे निम्म्याखाली आलेले डोळ्यांना दिसते.

लहान बाकीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करतात : खाते बंद झाले की महिन्याचे बंधन सुटते, आणि उद्या पगार अडला तर निभाव लागतो. हा युक्तिवाद प्रत्येक उदाहरणात तपासून घ्यावा. आपल्या उदाहरणात घरपट्टी आणि हातउसने यांना ठरलेला मासिक हप्ताच नाही. ती दोन खाती बंद होऊनही महिन्याचे सक्तीचे ३,९०० रुपये तसेच राहतात. डिसेंबरमध्ये पहिल्या क्रमात पतसंस्था सुटते आणि सक्तीची रक्कम २,४०० वर येते, दुसऱ्या क्रमात त्याच महिन्यात कार्ड सुटते आणि ती १,५०० वर येते. खाते बंद होणे आणि बंधन सुटणे या दोन गोष्टी एक नाहीत.

दिलेला शब्द आणि त्याची किंमत

आतापर्यंत आपण मावसभावाचे देणे शून्य टक्क्यांचे म्हणून शेवटी ढकलले. बँकेच्या हिशेबात ते बरोबर आहे. पण 'हातउसने' हा शब्दच सांगतो की हा व्यवहार कागदावर झालेला नाही. त्याचे व्याज भरवशात मोजले जाते. समजा, मावसभावाच्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे आणि पैसे घेताना या बाईंनी 'नोव्हेंबरच्या आत देते, दादा' असा शब्द दिला आहे. एप्रिलमध्ये ते पैसे परत करणे म्हणजे अडचणीच्या वेळी धावून आलेल्या माणसाला त्याच्या अडचणीच्या वेळी पाठ दाखवणे होय. असे देणे व्याजाच्या रांगेत बसत नाही, त्याला तारीख असते. ज्या देण्याला तारीख आहे ते दिनदर्शिकेत आधी कोरावे आणि मग उरलेल्या जागेत चढे व्याज आधी हा क्रम चालवावा.

यासाठी मागे मोजत जायचे. नोव्हेंबरपर्यंत १२,००० हवेत, मोकळे पैसे दरमहा ६,१००. म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोनच महिने पुरेसे आहेत. त्याआधी पैसे देण्याची घाई केली तर कार्डाचे व्याज वाढेल, त्यानंतर दिले तर शब्द मोडेल. या क्रमाने होणारे भरणे असे :

| महिना | कार्ड | घरपट्टी | पतसंस्था | मावसभाऊ |
|---|---|---|---|---|
| जून ते सप्टेंबर, दरमहा | ८,५०० | – | १,५०० | – |
| ऑक्टोबर | २,४०० | – | १,५०० | ६,१०० |
| नोव्हेंबर | २,६०० | – | १,५०० | ५,९०० |
| डिसेंबर | ८,५०० | – | १,५०० | – |
| जानेवारी | ७,८५० | ६५० | १,५०० | – |
| फेब्रुवारी | – | ५,२५० | ४,७५० | – |
| मार्च | – | – | १०,००० | – |
| एप्रिल | – | – | ६,३८४ | – |

सर्व देणी एप्रिलमध्येच संपतात. व्याज आणि शास्ती मिळून ११,३८४ रुपये होतात. निव्वळ चढे व्याज आधी घेतले असते तर ९,९४९ झाले असते, म्हणजे वेळेवर शब्द पाळण्याची किंमत १,४३५ रुपये आहे. लहान बाकी आधी या क्रमापेक्षा मात्र अजूनही ५,२४३ रुपये वाचतात. ती किंमत द्यावी की न द्यावी, हे गणित सांगणार नाही. मला विचाराल तर मी ती आनंदाने देईन. पण किती देतो आहोत ते माहीत असावे.

तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहा. घरपट्टी फेब्रुवारीत, म्हणजे आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी चुकती होते. मार्चअखेरीस वसुलीचा जोर असतो. त्याआधीच नगरपालिकेची जप्तीची नोटीस हाती पडली, तर दोन टक्क्यांचा विचार बाजूला ठेवून घरपट्टी पुढे आणावी लागेल. तारीख असलेले देणे म्हणजे केवळ नातलगाला दिलेला शब्द असे नाही. कायद्याने लादलेली तारीखही त्यातच येते.

वही मांडताना आणि तपासताना

दिनदर्शिकेत महिन्याचे नाव पुरत नाही, तारीख लागते. पगार ५ तारखेला होत असेल आणि पतसंस्थेचा हप्ता ३ तारखेला खात्यातून आपोआप वळता होत असेल, तर खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत जातो आणि दोन्हीकडून दंड बसू शकतो. अशा वेळी हप्त्याची तारीख पगारानंतर नेण्याचा अर्ज पतसंस्थेकडे करावा. अर्ज मान्य होईपर्यंत मागच्या पगारातून १,५०० रुपये खात्यात राखून ठेवावेत. कार्डाच्या बाबतीत विवरणाची तारीख आणि भरण्याची अंतिम तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत दुसरी लिहावी आणि पैसे तिच्या दोन-तीन दिवस आधी भरावेत, कारण सुट्टी आडवी आली तर भरणा खात्यात जमा व्हायला वेळ लागतो.

दर महिन्याला वहीतील अपेक्षित बाकी आणि विवरणातील प्रत्यक्ष बाकी शेजारी शेजारी लिहा. कार्डाचे व्याज प्रत्यक्षात दिवसागणिक आकारले जाते आणि त्यावर करही असतो, म्हणून ४८,००० च्या बाकीवर दोन-चारशे रुपयांचा फरक पडला तर घाबरू नये. पुढच्या महिन्यापासून विवरणातील आकडा धरून चालावे. फरक हजाराच्या घरात गेला, तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते : एखादा दंड किंवा शुल्क लागले आहे, अथवा कार्डावर नवी खरेदी झाली आहे. दुसरे कारण अधिक घातक. पूर्ण बाकी भरणाऱ्या ग्राहकाला खरेदीनंतर काही दिवस बिनव्याजी मिळतात. मागची बाकी उभी असेल तर ही सवलत राहत नाही आणि आजच्या खरेदीवर आजपासून व्याज सुरू होते. 'किमान देय रक्कम' या शब्दांमुळे अनेकांचा असा समज होतो की ती भरली की व्याज लागत नाही. ती भरल्याने फक्त थकबाकीदार ठरणे टळते, व्याज उरलेल्या सर्व बाकीवर चालू राहते. म्हणून फेड चालू असेपर्यंत ते कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवावे.

शेवटचा भरणा झाला की काम संपले असे समजू नये. पतसंस्थेकडून बेबाकी दाखला मागून घ्यावा. 'बेबाक' म्हणजे ज्याच्याकडे काही बाकी नाही असा. फारसीतून आलेला हा शब्द सहकारी संस्थांच्या कागदपत्रांत आजही टिकून आहे. कार्डाचे शेवटचे विवरण शून्य बाकीचे आहे याची खात्री करावी, कारण शेवटच्या भरण्याच्या दिवसापर्यंतचे थोडे व्याज पुढच्या विवरणात येऊ शकते. घरपट्टीची पावती जपून ठेवावी. मावसभावाकडून पावती कोणी मागत नाही, पण वहीत तारीख लिहून ठेवावी.

दोन्ही क्रमांची तुलना कोठे निरर्थक ठरते तेही सांगायला हवे. सर्वांत लहान बाकीच सर्वांत चढ्या व्याजाची असेल तर दोन्ही पद्धती सारख्याच. सर्व दर एकमेकांच्या जवळ, समजा १२ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर फरक किरकोळ राहतो, आणि मग लहान बाकी आधी घेऊन वहीतील ओळी कमी करणे शहाणपणाचे ठरते. आणि सक्तीचे हप्तेच महिन्याच्या उत्पन्नाबाहेर जात असतील, तर क्रम बदलून काही साधणार नाही. तेथे हप्ता कमी करून मुदत वाढवून मागणारा अर्ज हा पहिला दस्तऐवज असतो, दिनदर्शिका दुसरा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात मावसभावाला दिलेला शब्द नोव्हेंबरऐवजी ऑगस्टअखेरचा आहे असे समजा. कोणत्या दोन महिन्यांत त्याचे पैसे द्यावे लागतील ते मागे मोजत ठरवा आणि तक्ता नव्याने मांडा. व्याज आणि शास्ती यांची बेरीज १२,८७० रुपयांच्या आसपास आली तर तुमची मांडणी बरोबर आहे.

२. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना हप्त्याची तारीख ३ वरून ८ करण्याची विनंती करणारा अर्ज लिहा. त्यात पगाराची तारीख, कर्जखात्याची सद्यःस्थिती आणि मागणी या तीन गोष्टी तीन स्वतंत्र परिच्छेदांत याव्यात.

३. तुमच्या घरी आलेले एखादे बिल किंवा कर्जाचे विवरण घ्या. त्यात दर सांगणारे शब्द नेमके कोणते आहेत, 'दरमहा' किंवा 'दरसाल' हा खुलासा कोठे केला आहे आणि कोठे गाळला आहे, ते दहा ओळींत लिहा.